आठ अक्षरांचा दिवा

आमच्या मंडळीत दर वर्षी एक वचन वर्षभरासाठी निवडतात. ते कापडी फलकावर लिहून वेदीच्या मागच्या भिंतीवर लावतात आणि जानेवारी संपेपर्यंत ते कोणाच्याही डोळ्यांना दिसेनासे होते. फलक तिथेच असतो, पण सवयीने नजर त्यावरून निसटते. त्या वर्षीचे वचन होते स्तोत्र 119 मधले 105 वे. देवाचे वचन चालणाऱ्याच्या पावलांना दिव्यासारखे आणि त्याच्या वाटेला उजेडासारखे असते, असा त्याचा अर्थ. पाळकसाहेब मला म्हणाले, "फलक राहू द्या, याचे गाणे करा. सगळ्यांना म्हणता येईल असे. पुस्तक न उघडता."

मी मंडळीत पेटी वाजवतो. चाली बसवायची सवय आहे, पण "पुस्तक न उघडता" या तीन शब्दांनी काम अवघड करून ठेवले. रविवारी समोर बसणाऱ्यांत आठ वर्षांचे मूल असते, अक्षर न ओळखणारी आजी असते आणि पहिल्यांदाच आलेला पाहुणाही असतो. त्यांच्या हातात कागद नाही. त्यांनी एकदा ऐकायचे, दुसऱ्यांदा गुणगुणायचे आणि तिसऱ्यांदा मोठ्याने म्हणायचे. हे ज्या भागाला साधते तो भाग म्हणजे ध्रुवपद. कडवी पुढे बसलेली गायनमंडळी म्हणू शकते. ध्रुवपद मात्र सगळ्यांचे असते, त्यामुळे वचन ठेवायची जागा तीच.

ही युक्ती शास्त्रातच आहे. स्तोत्र 136 मध्ये 26 ओव्या आहेत आणि प्रत्येक ओवीचा उत्तरार्ध एकच आहे. एकाने पहिला अर्धा भाग म्हणायचा आणि लोकांनी दुसरा, अशीच त्याची घडण दिसते. आपल्याकडे अभंगाच्या गाथेत एका चरणापुढे "ध्रु." अशी खूण असते आणि भजनात टाळकरी तोच चरण पुन्हा पुन्हा झेलतात. मराठी ख्रिस्ती उपासनेत हे देशी वळण रुजवण्यात रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा वाटा फार मोठा. 1895 साली त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि पुढे नगरला त्यांनी अभंग, पदे, कीर्तन यांतून उपासनेला मराठी गळा दिला. त्याआधीची पुष्कळ गीते इंग्रजी चालींवर बेतलेली होती. त्या चालींचे ठोके इंग्रजी शब्दांसाठी पडलेले, त्यामुळे मराठी शब्द त्यांत बसवताना भलत्याच अक्षरावर जोर यायचा. टिळकांची बरीच गीते आजही "उपासना संगीत" या पुस्तकातून आमच्या मंडळ्यांत म्हटली जातात, आणि म्हातारी माणसे ती पुस्तक न उघडता म्हणतात. ती पाठ राहिली यात भक्तीइतकाच अक्षरांच्या मोजणीचाही हात आहे, असे मला वाटते.

अभंगाचा छंद अक्षरांवर चालतो. लघु-गुरूच्या मात्रा तिथे मोजत नाहीत, अक्षरे मोजतात. जोडाक्षर एकच धरायचे, अनुस्वार वेगळा धरायचा नाही. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चरण असतात. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण असतात आणि त्यांच्या शेवटी यमक जुळते. लोकांनी एका ऐकण्यात उचलायचे असेल तर लहान अभंगाचे माप उत्तम. सोळा अक्षरे म्हणजे दोन श्वास.

आता वचनाकडे. स्तोत्र 119 हे 176 ओव्यांचे. मूळ हिब्रूत त्याचे 22 भाग आहेत, वर्णमालेच्या 22 अक्षरांप्रमाणे, आणि एका भागातली प्रत्येक ओवी त्या भागाच्या अक्षराने सुरू होते. 105 वी ओवी "नून" या अक्षराच्या भागातली पहिली. तिचा पहिलाच शब्द "नेर", म्हणजे दिवा. हे वाचले तेव्हा माझा एक प्रश्न तिथेच सुटला. कवीने ओवी दिव्यापासून सुरू केली होती, तेव्हा ध्रुवपदातही ठसठशीत ऐकू यायला हवा तो शब्द दिवा.

दुसरा प्रश्न लांबीचा होता. ओवीचे दोन भाग आहेत, पावलांना दिवा आणि वाटेला उजेड. हिब्रू कवितेची ही रीतच आहे, एक गोष्ट जवळजवळ त्याच अर्थाने दोनदा सांगायची. वाचताना हे सुंदर वाटते. पण दोन्ही भाग ध्रुवपदात कोंबले की तीस-बत्तीस अक्षरे होतात आणि लोक मध्येच गप्प होतात. मी पहिल्या रात्री नेमके तेच केले होते. दिवा, पावले, उजेड, वाट, वचन, सगळे घातले. घरातल्या मुलांना म्हणून दाखवले आणि उलट म्हणायला सांगितले. त्यांनी पहिला शब्द आणि शेवटचा शब्द बरोबर सांगितला, मधले सगळे आपापल्या मनाने भरले. वचनाचा एक भाग निवडणे म्हणजे दुसरा फेकून देणे नव्हे, तो कडव्यांत येऊ शकतो. मी पाऊल आणि दिवा ठेवले, वाट आणि उजेड बाजूला काढले.

दुसऱ्या दिवशी ओळ जमली:

पावलापुरता दिवा
वचन तुझे हे देवा

आठ आणि आठ. "दिवा" आणि "देवा" यांचे यमक मागून आणावे लागले नाही, ते भाषेतच तयार होते. दोन्ही ओळी "आ" या मोकळ्या स्वरावर संपतात, म्हणजे तोंड उघडे राहते आणि सूर लांबवता येतो. मी खूश होतो. शनिवारच्या सरावाला मंडळीतले एक वडीलधारे काका आले होते, रोज पहाटे शास्त्र वाचणारे. त्यांनी दोनदा ऐकले आणि म्हणाले, "गाणं गोड आहे. पण 'पुरता' कुठे आहे वचनात?"

वचनात "पुरता" नाही. मी तो घातला होता, कारण मला तो अर्थ आवडला होता. त्या काळचा दिवा आपल्या पणतीसारखाच असे, मातीची उथळ वाटी, वातीसाठी एका कडेला चिमटीने दाबलेले तोंड आणि आत तेल. असा दिवा हातात धरून चालले तर पुढचे एक-दोन पावलांचे दिसते, डोंगराचा माथा दिसत नाही. हे सगळे खरे आहे, उपदेशात सांगण्यासारखेही आहे. पण तो माझा निष्कर्ष झाला. शिवाय ओवीचा दुसरा भाग तर वाटेवरही उजेड पडतो असे सांगतो. "पुरता" म्हटले की तो अर्थ कापला जातो. लोक ध्रुवपद आठ-आठ वेळा म्हणतील आणि वर्षभराने त्यांना तेच शास्त्रवचन म्हणून आठवेल. तिथे माझा शब्द शास्त्राच्या नावावर खपवणे बरोबर नव्हते. काकांनी म्हटले म्हणून मी शब्द बदलला, आणि बदलल्यावर कळले की नियमच तो आहे. ध्रुवपदाने वचनापेक्षा जास्त बोलू नये. आपल्याला जे सुचले, जे अनुभवाला आले, ते कडव्यांत घालावे, कारण कडवे हे माणसाचे उत्तर असते.

"पावलांसाठी हा दिवा" यातही आठच अक्षरे भरतात. मोजून पाहा: पा, व, लां, सा, ठी, हा, दि, वा. ओळ थोडी साधी झाली, पण वचनाशी प्रामाणिक झाली. ध्रुवपद ठरले:

पावलांसाठी हा दिवा
वचन तुझे हे देवा

दुसरी ओळ "तुझे वचन रे देवा" अशी करावी का, असाही विचार झाला. भक्तीच्या गाण्यात देवाला "रे" म्हणणे आपल्याला परके नाही. पण "रे देवा" हे शब्द ओळीच्या शेवटी आले की बोलण्यातला हताश उद्गार कानावर येतो. ध्रुवपद सुखाचे होते, म्हणून "रे" गेला.

यानंतर खरी कसोटी लागते ती ठेक्यावर. अक्षरे आठ भरली म्हणजे ओळ गाता येईलच असे नाही. भजनी ठेका किंवा केरवा आठ मात्रांचा असतो. एक अक्षर एका मात्रेवर ठेवले तर ओळ एका आवर्तनात संपते आणि फार घाईची होते, म्हाताऱ्या माणसांना श्वास मिळत नाही. म्हणून एका ओळीला दोन आवर्तने दिली, म्हणजे 16 मात्रा. आता आठ अक्षरांना सोळा जागा मिळाल्या, आणि कोणते अक्षर लांबवायचे हे ठरवायची वेळ आली. मराठीत गाणी बिघडतात ती इथे.

पहिल्या सरावात मी दोन्ही ओळींना एकच साचा लावला होता, पहिले अक्षर दोन मात्रा लांब. "पाऽवलां" छान वाटले. दुसऱ्या ओळीत "वऽचन" झाले, आणि मागच्या बाकावरून कोणीतरी विचारले की "वाचन" म्हणायचे का. ऱ्हस्व "व" ओढला की "वा" ऐकू येतो आणि देवाच्या वचनाचे वाचन होते. तसेच दिव्याचे झाले. "दि" समेवर आणून चार मात्रा धरला तर "दीऽऽऽवा" होते आणि शब्द ओळखू येत नाही. "दि" ला एकच मात्रा द्यायची आणि सगळी लांबी "वा" वर घ्यायची, हे ठरल्यावर ओळ सरळ झाली. शेवटी मांडणी अशी ठरली. उभी रेघ म्हणजे चार मात्रा संपल्या, ऽ म्हणजे आधीचा सूर धरून ठेवायचा आणि आडवी रेघ म्हणजे श्वास:

पा ऽ व लां | सा ऽ ठी हा | दि वा ऽ ऽ | ऽ ऽ – –
व च न तु | झे ऽ ऽ हे | दे ऽ वा ऽ | ऽ ऽ – –

यात "हा" आणि "हे" ही दोन बिनमहत्त्वाची अक्षरे आठव्या मात्रेवर, म्हणजे समेच्या अगदी आधी पडतात, आणि सम येते ती "दिवा" वर आणि "देवा" वर. लोकांचा आवाज आपोआप समेवर मोठा होतो. तो ज्या शब्दावर मोठा व्हायला हवा तो शब्द तिथे नेऊन ठेवणे, एवढेच रचणाऱ्याच्या हातात असते. शेवटच्या दोन मात्रा मी मुद्दाम मोकळ्या सोडल्या. श्वासाची जागा चालीतच ठेवली नाही तर लोक ती स्वतः घेतात आणि पुढच्या ओळीला उशिरा येतात.

चालीसाठी भूप घेतला. सा, रे, ग, प, ध असे पाचच स्वर, कोमल-तीव्र काही नाही, आणि लहानपणापासून कानावर पडलेला. सूर असे:

सा ऽ रे ग | प ऽ ग रे | ग प ऽ ऽ | ऽ ऽ – –
ध ध प ग | प ऽ ग रे | ग रे सा ऽ | ऽ ऽ – –

पहिली ओळ पंचमावर थांबते, म्हणजे कानाला अजून काही यायचे आहे असे वाटते. दुसरी षड्जावर येऊन बसते. सगळे गाणे सा ते ध एवढ्यातच फिरते. पेटी काळी एकमध्ये धरली तर पुरुष खालच्या सप्तकात आणि बायका वरच्या सप्तकात, दोघेही ताण न घेता म्हणू शकतात. पांढरी दोनपर्यंतही चालते. एकटी गाणारी मुलगी काळी चार मागते आणि तिच्या गळ्यासाठी ते बरोबरही असते, पण त्या पट्टीत मंडळीला उभे केले तर धैवतावर पुरुषांचे आवाज फाटतात आणि चाळिशी-पन्नाशीच्या बायका तोंड मिटून घेतात. लोक गात नाहीत अशी तक्रार ज्या मंडळीत ऐकू येते, तिथे मी आधी पेटीची पट्टी पाहतो. बहुतेक वेळा ती दोन सूर खाली आणली की आवाज परत येतो.

कडव्यांत मला तो "पुरता" चा अर्थ सांगायचा होता, पण उपदेश करून नव्हे. दिवा कोणाला लागतो याचा विचार केला तर आमच्या भागात पहिला डोळ्यांपुढे येतो तो रात्री रानात जाणारा माणूस. शेतीपंपाची वीज पाळीपाळीने रात्रीची असते. आली की झोपेतून उठून, बॅटरी घेऊन, ओल्या बांधावरून पाणी द्यायला जायचे. पाय कुठे पडतो ते दिसत नाही आणि सापाची भीती असते. पहिल्या मसुद्यात मी "दारे धराया" असे लिहिले होते, कारण वाफ्यात पाणी फिरवण्याला इकडे दारं धरणं म्हणतात. गावात तो शब्द कोणी अडखळत नाही. पण हे गाणे पुण्या-मुंबईच्या मंडळीत गेले तर लोक दरवाजे समजतील, म्हणून जीव लागलेला शब्द काढला.

दुसरी अडचण मराठी क्रियापदाची. "मी जातो" म्हटले की अर्धी मंडळी गप्प, "मी जाते" म्हटले की उरलेली अर्धी. इंग्रजी गाण्यांचे मराठी करताना ही गोष्ट हमखास विसरली जाते आणि बायका वर्षानुवर्षे पुरुषाच्या तोंडची वाक्ये गात राहतात. "आम्ही जातो" मध्ये दोघेही येतात. सामुदायिक गाण्यात "आम्ही" घेण्याला भावनेइतकेच व्याकरणाचेही कारण आहे.

कडव्याच्या ओळीही आठ अक्षरांच्याच, आणि ठेका ध्रुवपदाच्या पहिल्या ओळीचा. म्हणजे पहिले आणि चौथे अक्षर लांबते, आणि आठवे सगळ्यांत जास्त. याचा अर्थ या तीन जागी ऱ्हस्व अक्षर नको, आणि बोलताना ज्याचा "अ" गिळला जातो असे शेवटचे अक्षर तर नकोच. आपण "वीज" लिहितो आणि "वीज्" बोलतो. गाण्यात त्या "ज" ला एक मात्रा द्यावीच लागते, तेवढे चालते, पण तो ओढला की "वीजाऽ" ऐकू येते. मी आधी "रात्री वीज येते जेव्हा" असे लिहिले होते. चौथे अक्षर "ज" आले आणि गाताना ओळ लंगडली. "वीज रात्री येते जेव्हा" केले, अर्थ तोच राहिला, चौथ्या जागी "त्री" आले आणि ओळ चालू लागली. दवाखान्यावरच्या कडव्यात "दारात" आणि "रात" असे यमक सुचले होते. कागदावर ते चांगले दिसत होते, पण ओळीच्या शेवटी पाच मात्रा "त" धरून ठेवता येत नाही. ते सोडून दिले. तयार झालेली तीन कडवी अशी:

वीज रात्री येते जेव्हा
रानी आम्ही जातो तेव्हा
पाय चुके बांधावरी
आम्ही करू तुझा धावा

खाटेपाशी जागताना
रात मोठी वाटताना
काय उद्या कोण जाणे
आज देई तू विसावा

दूर काही दिसे नाही
पाय तरी चुके नाही
एवढा हा पुरे आम्हा
रोज तुझा दिवा नवा

"पुरता" अखेर तिसऱ्या कडव्यात "पुरे" होऊन आला, माणसाच्या तोंडी, जिथे त्याची जागा होती. प्रत्येक कडव्याची शेवटची ओळ "वा" वर संपते, धावा, विसावा, नवा. हा जुना पदांचा शिरस्ता आहे. ध्रुवपदाशी जुळणारे यमक कानावर आले की आता आपली पाळी, हे लोकांना कोणी न सांगता कळते. ती ओळ सुरात मी रिषभावर सोडली, कारण रिषभानंतर कानाला षड्ज हवा असतो आणि ध्रुवपदाचे पहिले अक्षर षड्जावरच आहे. पुढाऱ्याने हात वर करायची गरज पडत नाही.

लयीचा हिशोबही एकदा मांडून पाहावा. मिनिटाला 120 मात्रा धरल्या तर एक ओळ आठ सेकंदांची होते, ध्रुवपद सोळा सेकंदांचे. सुरुवातीला एकदा आणि प्रत्येक कडव्यानंतर एकदा, दर वेळी दुहेरी म्हटले, तर ध्रुवपद आठ वेळा येते. तीन कडव्यांसह सगळे गाणे पावणेचार मिनिटांत संपते. पाचवे-सहावे कडवे लिहायचा मोह होतो, पण तेवढ्यात ध्रुवपद बारा-चौदा वेळा होते आणि शेवटी लोक शब्दांकडे लक्ष न देता म्हणायला लागतात. त्यांचे टाळ पुढे पळू लागले की हे झाले असे समजावे.

शिकवण्याची रीत मी एका आजींकडून शिकलो. त्या पुढच्या बाकावर बसतात, त्यांना वाचता येत नाही. पहिल्या रविवारी मी पेटीसकट, तबल्यासकट गाणे सुरू केले आणि त्या नुसत्या बघत राहिल्या. उपासना संपल्यावर म्हणाल्या, "बाबा, पेटीच ऐकू येते, शब्द नाही सापडत." पुढच्या रविवारी पेटी बंद ठेवली. नुसत्या तोंडाने ध्रुवपद दोनदा म्हटले, हळू. तिसऱ्यांदा पहिली ओळ मी म्हटली आणि दुसऱ्या ओळीला थांबलो. आजींनी "वचन तुझे हे" अचूक उचलले, बाकीच्यांचे आवाज त्यांच्यामागून आले आणि "देवा" वर सगळे एकत्र पोचले. गाणे बसले की नाही हे ओळखायला याहून चांगली परीक्षा मला माहीत नाही. पुढाऱ्याने थांबावे आणि पाहावे. लोक पुढे गेले तर ध्रुवपद त्यांचे झाले. अडखळले, तर कुठल्या अक्षरावर अडखळले ते लक्षात ठेवावे, कारण दोष बहुधा त्याच अक्षरात असतो.

आमच्याकडे ते एका ठिकाणी अजून अडखळते. "पावलांसाठी" हा पाच अक्षरांचा शब्द अर्ध्या ओळीची सीमा ओलांडतो, आणि काही जण "पावलां" नंतर थांबून श्वास घेतात. त्यावर मला इलाज सापडलेला नाही. "पावलांना" घेतले तर एक अक्षर कमी पडते आणि भरीला काहीतरी घालावे लागते. वचनात जे नाही ते भरीला घालण्यापेक्षा मधला श्वास परवडला, असे काकांचे आणि माझे मत पडले.

तुमच्या मंडळीत हे गाणे म्हणायचे असेल तर खुशाल म्हणा, चाल बदलायची तर तीही बदला. एवढेच सांभाळा की पहिल्या रविवारी पेटी उघडू नका, आणि उघडाल तेव्हा पांढरी दोनच्या वर नेऊ नका.